वाट बघण्याचं हॉल्टिंग

कार्तिक लागला की आमच्या दहिवलीच्या हवेला तुसाची चव येते. झोडणी उरकलेली असते, भात गिरणीवर यायला लागतं आणि गिरणीच्या मागच्या नळकांड्यातून दिवसभर तूस पडत राहतं. पिवळं, हलकं, टोचरं. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं, चहावर तरंगतं, सकाळच्या थंडीत नाकात शिरून शिंका आणतं. लोक त्याला कचरा म्हणतात. मी त्यावर घर बांधलं. गिरण्यांकडून, कधी शेतकऱ्यांकडूनही, तूस उचलायचं आणि कुंभिवली-खालापूरच्या कारखान्यांना पोचवायचं, हा माझा धंदा. तिथल्या बॉयलरांत ते जळतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर कुणाचा कागद, कुणाची बिस्किटं तयार होतात. वडील दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलायचे. मी पहिली दोन वर्षं डोक्यावरून पोती वाहिली, मग टेंपो घेतला, मग ट्रक. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. भूक लागली की ती आपोआप येते.

यंदाही पहिल्या तुसाचा ढीग पाहिला आणि तो हंगाम आठवला. प्रत्येक वर्षी आठवतो. आधी राग येतो, मग हसू येतं. क्रम कधी चुकत नाही.

राग अशासाठी, की त्या वर्षी माझा भरलेला ट्रक एका कारखान्याच्या गेटवरून परत पाठवला गेला होता. माल ओला आहे म्हणून. आदल्या रात्री अवकाळी शिंतोडे पडले होते आणि ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, हे मी मान्य करते. पण भिजला होता तो वरचा वीतभर थर. खालचं तूस इतकं कोरडं होतं की मुठीतून वाळूसारखं निसटत होतं. हे मी गेटवर ओरडून सांगितलं, आज लिहून सांगते, आणि कुणी विचारलं तर उद्याही सांगेन.

माल नाकारणारा माणूस बॉयलरवरचा होता. दत्ताराम. अंगावर खाकी, भुवयांवर राख, आणि आवाज असा की जणू देवळात बोलतोय. त्याने ट्रकवर चढून कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून दाबली, उघडली. तूस लाडवासारखं चिकटून राहिलं.

"मॅडम, ह्ये नाय चालणार."

"कोपऱ्यातलंच बघता व्हय तुमी? मधलं बघा की!"

"ओलं जाळलं तर धूर होतो, प्रेशर पडतं. मग मधलं-कोपऱ्यातलं कोण विचारत नाय. मला विचारतात."

"तुमचा साहेब बोलवा."

"बोलवतो. पन साहेब मलाच विचारणार."

आणि तसंच झालं. ट्रक दिवसभर रस्त्याकडेला उभा राहिला आणि संध्याकाळी परत आला. मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी आले.

आठ दिवसांनी दुसरी खेप घेऊन गेले, खरं तर भांडण पुरं करायला. तीन वाजून गेले होते, पहिली पाळी सुटली होती. तो गेटबाहेर चपलेतली राख झटकत उभा होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात माझं लक्ष त्याच्या भुवयांकडे गेलं. राखेत एक अख्खं तूस अडकलं होतं.

"माझा माल नाकारता आणि भुवईवर घेऊन फिरता? परत द्या तो."

त्याने भुवई चाचपली. मग इतका हसला की सिक्युरिटीवाला केबिनमधून बाहेर आला. त्या दिवशी चौकात आम्ही पहिला चहा प्यालो. तेव्हा मी छत्तीसची होते. लग्न एकदा झालं होतं, दोन वर्षांत आटोपलं होतं. तो चाळिशीला टेकलेला, एकटा. बॉयलरवाल्याच्या पाळ्या ऐकून मुलीकडचे उठून जातात, असं तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना ते विनोद म्हणून सांगायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाळी म्हणजे घड्याळ. एक आठवडा फर्स्ट, सात ते तीन. एक आठवडा सेकंड, तीन ते अकरा. एक आठवडा थर्ड, रात्रभर. मीही पहिल्या पंधरा दिवसांत ते वेळापत्रक पाठ केलं आणि समजले की माणूस कळला. पण बॉयलरवरचा माणूस घड्याळ वाजलं म्हणून सुटत नाही. परवाना असलेला दुसरा माणूस येऊन काचेतली पाण्याची पातळी बघतो, प्रेशर बघतो, वहीतल्या तासातासाच्या नोंदी वाचतो, सही करतो, तेव्हा पहिला सुटतो. तो दुसरा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आला नाही, तर पहिल्याने तिथेच थांबायचं. आणखी आठ तास. आग पेटलेली असताना आणि पाणी उकळत असताना "माझी मैत्रीण थांबलीय" असं म्हणून निघता येत नाही. पाण्याची पातळी खाली गेली तर काय होतं, ते त्याने मला एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

त्यात फोन गेटवर जमा. म्हणजे आठ तास, कधी सोळा तास, तो माणूस माझ्या दृष्टीने पृथ्वीवर नसायचा.

आता माझं ऐका. मी धंद्यातली बाई. आमच्या धंद्यात ट्रक उभा राहिला तर हॉल्टिंग लागतं. तू मला खोळंबवलंस, तर त्याची किंमत तुझ्याकडून वसूल होणार. मी त्याच्याही पुढची. शेतकऱ्याच्या ओटीवर मुद्दाम लवकर जाऊन बसायची आणि तो आला की म्हणायची, "दोन तास झाले काका, उन्हात बसलेय." काका शरमायचा. शरमलेला माणूस भाव ताणत नाही. हे हत्यार मी आयुष्यभर वापरलं, आणि त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेच हत्यार मी प्रेमात घेऊन गेले.

सेकंडच्या आठवड्यातला एक दिवस आठवतो. दुपारी पावणेतीनला त्याने फोन गेटवर दिला असणार. साडेतीनला माझा पहिला मेसेज: "कुठं हायस?" मला माहीत होतं कुठे आहे ते. पाचला: "जेवलास?" सातला: "एक मिनिट पण नाय मिळत?" नऊला: "बोलायचं नसेल तर तसं सांग." साडेदहाला: "ठीक आहे." या शेवटच्या दोन शब्दांत मी काय भरून पाठवलं होतं, ते प्रत्येक बाईला माहीत असतं आणि प्रत्येक पुरुषाला कळतं. अकराला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात साडेसात तासांचं भांडण तयार होतं. सुरुवात, मधला भाग, शेवट, सगळं. त्यात तो एकदाही बोलला नव्हता. आणि उत्तर द्यावं, तर मी झोपलेली.

"सॉरी," तो लिहायचा. भेटला की पहिला शब्द, "सॉरी." चहा यायच्या आधी, बसायच्या आधी. आणि मला, खोटं कशाला बोलू, ते आवडायचं. शरमलेला माणूस माझ्या ओळखीचा होता. तो दोन दिवस गोड बोलायचा, मला हवं तिथे यायचा. मला वाटायचं, सौदा माझ्या बाजूने चाललाय.

मार्गशीर्षातली एक सकाळ. थंडी चांगली पडली होती, चौकातल्या टपरीवर लोक ग्लास दोन्ही हातांत धरून उभे होते. आठला भेटायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. आदल्या दिवशी तो सेकंडला गेला होता, रात्री अकराला सुटून झोपेल आणि सकाळी येईल, असा माझा हिशेब. आठला पाच मिनिटं असताना त्याची मोटारसायकल आली. वेळेवर! मी खूश. तो बसला, ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी बोलत होते, तो बघत होता. मग चहा त्याच्या मांडीवर सांडला. गरम चहा. आणि तो हललाच नाही.

"दत्ता! अरं चहा!"

"हां? सॉरी."

"रात्री झोपला नायस?"

"रिलिव्हर नाय आला. आता सातला सुटलो."

दुपारी तीन ते सकाळी सात. सोळा तास आगीसमोर. आणि तिथून सरळ माझ्याकडे.

"मग घरी जायचं ना! फोन करायचा!"

"फोन केला असता तर तू ठीक आहे म्हनाली असतीस."

मी टपरीवरचं फडकं ओढून त्याच्या मांडीवरचा चहा पुसायला लागले.

"सुनंदा," तो म्हणाला, "फाट्यावर कधी वळलो ते मला आठवत नाय. कुंभिवलीतून निघालो ते आठवतंय, आनि इथं थांबलो ते आठवतंय. मधला रस्ताच नाय."

त्या रस्त्यावरून चोवीस तास कंटेनर जातात. मी त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. टपरीवरच्या दोघांना हाक मारून त्याची मोटारसायकल माझ्या टेंपोत चढवली, त्याला शेजारी बसवला आणि घरी सोडायला निघाले. वाटेत त्याचं डोकं खिडकीवर आपटत होतं. दार उघडून उतरताना तो म्हणाला, आणि रागाने नाही म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं:

"तुज्याकडं यायचं म्हनजे कामावरून सुटून परत कामावर गेल्यासारखं वाटतं गं. हजेरी लागते. चार दिस नको भेटूया."

चार दिवस. धंद्यात समोरचा "चार दिवसांनी बघू" म्हणतो, तेव्हा सौदा मोडलेला असतो. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी काही करू शकत नव्हते, कारण जे काही करायला मला येतं त्यानेच तो मोडला होता.

पहिल्या दिवशी मी त्याच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी न आलेल्या रिलिव्हरवर, ज्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका गिरणीवाल्याच्या ओटीवर बसले होते. तो आला, आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "दोन तास झाले भाऊ." त्याचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मी ओळखला. चहाच्या ग्लासामागे महिनाभर मी तोच बघत होते.

माफी मागावी तर कशी? "मी फार वाईट हाय, तुला माझ्यामुळं किती त्रास" असं सगळं मी फोनवर लिहिलं. वाचून पाहिलं. वाचताना कळलं, की हे वाचून त्याला माझी समजूत काढावी लागेल. सोळा तासांनंतर हे आणखी एक काम. खोडलं. "उत्तर द्यायची गरज नाही" असं लिहिलं. तोही टोमणाच वाटला, तेही खोडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: "मी रागावलेली नाय. रागावले की तुला फोनची गरज लागणार नाय, माझा आवाज थेट बॉयलरपर्यंत येईल. झोप."

नऊ तासांनी उत्तर आलं. "काल मंग सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यासारखा वाटला, तो तुजाच आवाज का?"

मी तो मेसेज काकीला वाचून दाखवला. काकी माझ्याकडेच राहते. ती म्हणाली, "ह्यात हसण्यासारखं काय हाय?" तिला कळलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच.

त्यानंतर मी नव्याने शिकले. तूस कसं साठवायचं ते मला येत होतं, आता बोलणं कसं साठवायचं ते शिकले. माणसाच्या हातात कधी पडेल ते ठाऊक नसताना असा माल पाठवायचा, जो पडून राहिला तरी खराब होत नाही. "कुठं हायस" दोन तासांत नासतं. "आज एका गिरणीवाल्याने मला ताई म्हटलं, दुसऱ्याने मावशी, तिसऱ्याने आजी म्हणायच्या आत मी निघाले" हे सकाळी सातलाही ताजं असतं. एका पाळीत एकच मेसेज. वाचला की हसून खिशात टाकता येईल असा. तो कधी वाचतो, वाचून किती वेळाने लिहितो, हे बघायचं मी सोडलं. सोडलं म्हणजे फोन पिठाच्या डब्यावर ठेवून बाहेर जाऊ लागले.

थर्डच्या आठवड्यात दुपारी चारपर्यंत फोन नाही. त्याची रात्र तेव्हा चालू असते. आपण रात्री दोनला उठवलेलं चालवून घेऊ का? सेकंडच्या आठवड्यात मात्र सकाळी अकराच्या सुमाराला तो माणसासारखा माणूस असतो. झोप झालेली, दाढी केलेली, खोड्या काढायच्या मनःस्थितीत. भांडायचं असेल तर मी तो आठवडा राखून ठेवते.

आणि भेटी. "बुधवारी ये" असं मी म्हणायची थांबले. म्हणू लागले, "बुधवारी मी चौकात टायर बदलायला येणार हाय, तीन ते पाच." आणि खरंच टायर बदलायचे असत. ही यातली खरी गोम. नुसतं थांबायचं आणि "मी नाय थांबले" म्हणायचं, हे खोटं लगेच पकडलं जातं. आपलं स्वतःचं काम तिथे असलं, तर समोरच्याचं न येणं म्हणजे फक्त एक चहा कमी. तो दोनदा आला नाही. तिसऱ्यांदा पावणेपाचला आला. टायरवाला पंक्चर काढत होता, मी त्याच्याशी दहा रुपयांवरून भांडत होते. दत्ता मागे उभा राहून ऐकत होता.

"किती वेळ उभा हायस?"

"मगापासून. तुमचं चालू होतं, मधी कशाला बोलू. लय गोड भांडता शेठानी."

त्या दिवशी सॉरी आलं नाही. मी ते बोलून दाखवलं नाही.

त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेला. थर्ड करून आलेला माणूस उन्हात कसा झोपणार? मी माझी तीच फाटकी ताडपत्री कापली, तिचा चांगला तुकडा नेऊन खिडकीला ठोकला. खोलीत भर सकाळी अंधार झाला. तो मागे हात बांधून बघत होता.

"उन येनार नाय ह्याच्यातनं?"

"नाय."

"पानी पन नाय ना? नाय, त्या दिवशी आलं होतं म्हनून विचारतो."

मी हातोडी उगारली. तो ट्रक ओला नव्हता, हे त्याला आजही मान्य नाही, आणि मला आजही माघार मान्य नाही. पण त्या ताडपत्रीआड तो सात तास सलग झोपला, असं त्याने नंतर सांगितलं. असं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. सुंदर दिसतेस वगैरे लोक म्हणतात. तुझ्यामुळे झोप लागली, हे वेगळं.

पौषात त्यांच्या बॉयलरची वर्षाची तपासणी आली. आग विझवायची, सगळं थंड करायचं, आत शिरून नळ्या घासायच्या, पाण्याच्या दाबाची चाचणी, मग अधिकारी येऊन बघणार. कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि तोवर बॉयलरवाल्यांना दिवस-रात्र एकच. बारा दिवस आम्ही भेटलो नाही. मी बारा मेसेज पाठवले, त्यांतल्या एकातही "कधी संपणार" नव्हतं. पूर्वीची मी असते तर याचं केवढं हॉल्टिंग लावलं असतं! आता मजा वाटत होती. रोज एक नवी खोडी शोधायची. मी दिवसभर धंद्यात हिंडायची आणि त्याला सांगण्यासारखं काय घडतंय ते टिपत राहायची. त्या बारा दिवसांत जग मला जास्त गमतीशीर दिसलं.

तेराव्या दिवशी सकाळी पावणेआठला तो आमच्या अंगणात उभा. तपासणी पार पडली होती. रात्रभर जागा, चेहरा काजळीने काळा, डोळे लाल. काकी चुलीपाशी, मी पोती मोजत होते.

"सुनंदा, लगीन करूया."

काकीच्या हातातलं उलथनं थांबलं.

आता खरं सांगते. माझ्या सगळ्या धंद्याचा पाया हाच आहे, की समोरचा थकला की सौदा उरकायचा. संध्याकाळी बैल सोडून आलेला शेतकरी, दिवसभर गिऱ्हाईक न आलेला गिरणीवाला. थकलेला माणूस हो म्हणतो. आणि इथे मला आयुष्यात सगळ्यात जास्त हवा असलेला सौदा स्वतःच्या पायांनी अंगणात आला होता, थकून. नुसतं हो म्हणायचं होतं. घशापर्यंत आलंही होतं.

"नाईटनंतरचं बोलणं मी धरत नाय," मी म्हटलं. "घरी जा. झोप. उठल्यावर जे वाटेल ते कर. आणि मी तुला घरी सोडणार, गाडी चालवायची नाय."

"आगं पन मी खरंच..."

"झोप आधी."

परत आले तर काकी कपाळाला हात लावून बसलेली. "मुली, आलेलं ताट लोटलंस तू. उठल्यावर विसरला म्हंजे?"

"विसरला तर विसरला," मी म्हटलं, आणि चौदा पोती दोनदा मोजली. दोन्ही वेळा वेगळा आकडा आला.

दुपार झाली. चार वाजले, पाच वाजले. फोन पिठाच्या डब्यावरून मी आणला नाही. एवढं एकच त्या दिवशी मला जमलं. त्याला काही आठवत असेल का? रस्ता जसा विसरला होता तसं हेही? ऊन गिरणीच्या पत्र्यावरून उतरलं. तूस हवेत सोनेरी दिसायला लागलं, तशी माझी खात्री झाली की काकीचंच बरोबर.

साडेपाचला तो चालत आला. आंघोळ केलेला, गालावर उशीची वळी, भुवया काळ्याभोर. त्या खरंच काळ्या आहेत हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

"सकाळी म्हनालो ते," तो म्हणाला, "तेच म्हनायचं हाय. पन आता एक अट हाय."

अट ऐकून माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! झोपेतला माणूस अटी घालत नाही. हा पुरता जागा होता.

"बोल."

"मला उशीर झाला तर तू माझ्यासाठी उपाशी राहायचं नाय. जेवून घ्यायचं. आनि वाट बघायची नाय."

पहिल्या बोलीला हो म्हणणं माझ्या रक्तात नाही.

"जेवून घेईन," मी म्हटलं. "पोटभर. तुझ्या वाटणीचा तुकडापन खाईन. पण वाट बघायची का नाय, ते मी ठरवणार. ती माझी हाय. तुला त्याचं हॉल्टिंग लागणार नाय."

"चालंल," तो म्हणाला, आणि हात पुढे केला, आमच्या धंद्यात सौदा ठरल्यावर करतात तसा.